दुसऱ्या बाहीचा फोटो

ताईने पाठवलेला पहिला फोटो इतका धूसर होता की विणकाम आहे की ओलं पायपुसणं, तेच कळेना. दुसरा स्पष्ट होता, पण उलट्या बाजूचा, नुसते आडवे उंचवटे. तिसऱ्यात कापडच डोकं खाली करून ठेवलेलं.

"अगं, सुलट बाजू वर कर, गळा वरच्या अंगाला ठेव, आणि उजेड बाजूने पडू दे," मी दुकानातून फोनवर ओरडले. "जवळून काढ. शेजारी पट्टी ठेव."

"डाव्या हाताने काढतेय मी," ताई म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "जमेल तसं पाठवते. डोकं नको खाऊस."

आई गेली तेव्हा बाबांच्या स्वेटरची एकच बाही विणून झाली होती. बाबांनी तो अर्धा स्वेटर उशाशी ठेवला होता आणि कुणाला घराबाहेर नेऊ देत नव्हते. थंडीआधी तो पुरा करून घालायचा, एवढाच त्यांचा हट्ट. उरलेली लोकर ताईने मला कुरियरने पाठवली. दुसरी बाही मी इथे, माझ्या लोकरीच्या दुकानात बसून, फोटो बघून विणायची. ती आईच्या हातचीच वाटली पाहिजे. मी विणकामाचे वर्ग घेते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, हा माझ्या डाव्या हातचा मळ.

चौथा फोटो बरा आला. साधी वीण, एक ओळ सुलट, एक उलट. मी पट्टीवरून टाके मोजले, नमुना विणला आणि फोटोशेजारी धरला. माझा नमुना मऊ, सपाट. फोटोतली वीण जरा आवळलेली, खरखरीत. सुई बदलली. तरी नाही. मग वाटलं, आईने टाके मागच्या बाजूने उचलून पीळ दिला असेल. तसा नमुना केला, तर तो पुठ्ठ्यासारखा कडक. दुपारच्या वर्गाला येणाऱ्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, एवढं कोण बघणारे?" मी त्यांना काहीतरी तोडून बोलले. त्या पुन्हा विणायला लागल्या.

मग मी फोटो मोठा केला आणि एकेक ओळ बोटाने चढत गेले. एका ओळीत टाक्याचे दोन्ही पाय मोकळे. वरच्या ओळीत पाय खाली एकमेकांवर चढलेले. पुन्हा मोकळे, पुन्हा चढलेले. शेवटपर्यंत तसंच.

ही वीण नव्हे, खोड आहे. उलट ओळीत लोकर सुईवर भलत्या बाजूने गुंडाळली की पुढच्या सुलट ओळीत त्या टाक्याला पीळ बसतो. नवशिक्यांकडून मी हे दर आठवड्याला उसवून घेते. आईकडून हे कधीच झालं नसतं. लहानपणी ताईचं विणकाम याच चुकीसाठी तिने कितीदा उसवलं, आणि शेवटी तिच्या हातून सुया काढून घेतल्या.

अंगातला मरून स्वेटर मी काढला. दोन वर्षांपूर्वी आईने पाठवलेला. खिडकीपाशी नेऊन बाही ताणून पाहिली. एक ओळ मोकळी, एक पिळाची. दोन हिवाळे मी हा घालून लोकांना आईच्या हाताचं कौतुक ऐकवत होते. माझं डोकंच फिरलं.

"बाबांचा स्वेटर आईने विणलेला नाही," मी फोन करून म्हटलं. "माझा मरूनही नाही."

ताई दबक्या आवाजात म्हणाली, "तिला दिसत नव्हतं गं. तिने कुणाला सांगू दिलं नाही. बाबा खोलीत असले की ती चाचपडत काहीबाही विणायची. मी नंतर ते उसवून स्वयंपाकघरात विणायचे."

"आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?"

"तू उसवायला लावलं असतंस."

मला आणखीच राग आला. तेवढ्यात तिकडे बाबांनी फोन घेतला.

"ओळखलीस ना वीण? अगदी तिच्यासारखी झाली पाहिजे," ते म्हणाले. "ताईला सांगून उपयोग नाही, तिला सुई कधी धरताच आली नाही. आईचा हात तुझ्यातच उतरलाय."

मागे ताईचा श्वास ऐकू येत होता. सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "करते."

फोन ठेवून मी टाके घातले. उलट ओळीत लोकर मुद्दाम भलत्या बाजूने घ्यायची, एवढंच तर होतं. चार टाके तसे घेतले की हात आपोआप बरोबर विणायला लागायचे. उसवलं. पुन्हा घातले, पुन्हा उसवलं. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी तिथेच बसले होते, आणि ताईसारखी एक ओळ मला विणता येत नव्हती.