हिरेमठ सरांच्या साठीची कविता

वृंदा फडतरेनं दुसरं कडवं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिरेमठ सरांचा चष्मा तिच्या ओट्यावर, चहाच्या गाळणीशेजारी येऊन पडला होता. काड्या उघड्या होत्या आणि काचा अजून कोमट होत्या. वृंदानं तो ओळखला, पदराला पुसला आणि साखरेच्या डब्यावर ठेवून दिला.

पहिल्या कडव्याच्या वेळी मुंग्या आल्या होत्या. शाईत भिजलेल्या निळ्या मुंग्या, ओट्यावरून फरशीवर, एका ओळीत. त्या कुठून आल्या हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

गावात वृंदाचं फॉल-पिकोचं दुकान होतं, पण लोक तिच्याकडे साडी घेऊन जेवढे यायचे तेवढेच शब्द मागायला यायचे. लग्नातले उखाणे, डोहाळजेवणाची गाणी, कुणाच्या निवृत्तीला चार ओळी. म्हणून सरांच्या साठीचा समारंभ ठरला तेव्हा तिचा वर्गमित्र गजेंद्र होनमाने सरळ दुकानात आला आणि पिकोच्या मशीनला टेकून उभा राहिला.

"विनोदी कविता पाहिजे. चार मिनिटं. भाषणं करणारे सात जण आहेत, लोक पेंगणार. तू हसवायचंस."

"आणि सर दुखावले तर?"

"तू दुखावणार नाहीस. आणि शेवटी जरा डोळ्यांत पाणी येईल असं कर. तुला जमतं ते."

वृंदाला हे जमायचं, कारण तिचे नियम पक्के होते. पहिला चिमटा स्वतःला काढायचा, म्हणजे पुढचे चिमटे काढायचा हक्क मिळतो. माणसाच्या सवयीवर हसायचं, व्यंगावर नाही. दुखणं, टक्कल, मूल नसणं यांच्या वाटेला जायचं नाही. ओळ आठ अक्षरांची ठेवायची, म्हणजे माइकसमोर दम लागत नाही, आणि यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला. पालुपद असं हवं की दुसऱ्या वेळी लोकांनी आपणहून म्हटलं पाहिजे. आणि शेवटचं कडवं विनोदी नको. तिथे हसणारा माणूस एकदम गप्प व्हायला हवा.

आठ अक्षरं बोटांवर मोजायला तिला सरांनीच शिकवलं होतं. ते मराठी शिकवायचे. पालुपदही त्यांचंच घेतलं. मागच्या बाकांकडे वळून बघणाऱ्यांना ते पस्तीस वर्षं एकच म्हणत आले होते.

पहिलं कडवं असं होतं:

माझे अक्षर पाहून
सर म्हणाले प्रेमाने,
"मुंग्या शाईत बुडून
चालल्या का गं रांगेने?"
पुढे बघा, मागे नको!

आणि दुसरं:

चष्मा डोक्यावर आहे,
सर शोधती खिशात
आम्ही सांगायचे कसे?
तास संपतो हशात
पुढे बघा, मागे नको!

चष्मा आला त्या दिवशी तिनं सरांना फोन केला.

"सर, तुमचा चष्मा माझ्याकडे आलाय."

"हो, सकाळपासून नाहीये," सर म्हणाले. "डोक्यावर हात नेतो आणि तिथे काही नसतं. गंमत म्हणजे शोधावासाही वाटत नाही. कविता होतेय ना?"

"होतेय. थांबवू का?"

"छे! अर्धवट काम मला आवडत नाही. लिही."

मग तिनं बाकीच्या वर्गमित्रांना फोन करून आठवणी जमवल्या. पुण्याहून मंजिरीनं शिंकेची आठवण सांगितली.

सर शिंकले जोरात,
शाळा सुटली वाटून
पाचवीची सारी पोरं
गेली दप्तर घेऊन

दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यातून शिंक आली. इतकी जोरात, की समोरच्या दुकानातल्या बाईनं शटर खाली ओढलं. ती शिंक मग तिथेच राहिली. डबा उघडला की यायची. त्यानंतर सरांची सायकलवर चढायची तीन उड्यांची पद्धत आली आणि दाराबाहेर एकटीच उड्या मारत राहिली. 'पुढे बघा' म्हणायचा आवाज आला तो माळ्यावर जाऊन बसला. खडूनं माखलेला उजवा खिसा आला. वृंदानं तो धुतला नाही.

काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. "अगं, किती कडवी झाली?"

"सहा. एक राहिलंय."

"नाही, माझी तक्रार नाही. घर एकदम आवरल्यासारखं झालंय. हे खुर्चीत बसलेले असतात, पण खुर्चीचं डिझाइन दिसतं त्यांच्यातून. जेवतात नीट. समारंभात तू वाचलंस की परत येईल ना सगळं?"

"लोक हसले की येईल," वृंदा म्हणाली. हे तिला कसं माहीत होतं ते तिला सांगता आलं नसतं, पण माहीत होतं.

शेवटच्या कडव्यासाठी तिला कुणाला फोन करायची गरज नव्हती. ते सव्वीस वर्षं तिच्याकडे तयार होतं.

दहावीच्या वर्षी वडिलांनी सांगितलं होतं, पुरे झाली शाळा, मशीनवर बस. ती ग्रंथालयाची पुस्तकं परत करून जिन्याखाली रडत उभी होती. सर तिथून चालले होते. थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "वृंदा, मी शाळेत कशाला येतो माहीत आहे? तुझी वही उघडून एक ओळ वाचायला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही." त्या एका वाक्यावर तिनं वडिलांशी भांडण केलं, दहावी काढली. मग मशीनवर बसली ती बसलीच. पण दर जूनमध्ये एक दोनशे पानी वही घेत राहिली. सव्वीस वह्या भरल्या. त्या कुणाला दाखवल्या नाहीत. ज्याला दाखवायच्या त्यानं एकदा वाचलं होतं, तेवढं पुरे होतं. नवरा सोडून गेला त्या वर्षी तिनं ते वाक्य रोज झोपताना मनात म्हटलं होतं.

सर म्हणाले, "वृंदा, मी
येतो शाळेत कशाला?
तुझी वही उघडून
एक ओळ वाचायाला."

लिहून झालं आणि तिनं घर झाडून घेतलं. ते वाक्य येणार होतं. त्याला बसायला तिनं खिडकीजवळचं स्टूल मोकळं केलं.

सकाळी स्टुलावर काही नव्हतं. ओट्यावर नव्हतं. तिनं डबे उघडले, शिंक ऐकून घेतली, बॉबिनची पेटी उपडी केली, माळ्यावर चढून आवाजाला बाजूला सारून पाहिलं. बाकी सगळे सर घरात होते. तेवढं वाक्य नव्हतं.

तिनं अजून एक दिवस वाट पाहिली. मग दुकान बंद करून सरांकडे गेली.

सर खुर्चीत बसले होते आणि काकूंनी सांगितलं तसं खुर्चीचं फुलाफुलांचं कापड त्यांच्या छातीतून स्वच्छ दिसत होतं.

"सर, परवापासून तुमच्यातून काही गेलं का?"

सरांनी विचार केला. "नाही. काय जायला हवं होतं?"

तिनं कडवं म्हणून दाखवलं. सरांनी बोटांवर अक्षरं मोजली.

"चांगलं झालंय. वाचायाला हे थोडं ओढून आणलंस, पण चालेल. कुठले सर म्हणाले होते हे?"

"तुम्ही."

"मी?"

"जिन्याखाली. मी रडत होते."

"अच्छा, जिन्याखाली," सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला, परीक्षेत ओळखीचा प्रश्न यावा तसा. "मग म्हटलं असेन. रडणाऱ्या पोरांना ते म्हणत होतो मी. वही, चित्र, गणित, ज्याचं जे असेल ते. फार उपयोगी वाक्य. ते माझ्याकडून कसं जाईल आता? केव्हाच वाटून संपलं."

"कुणाला सांगितलं नाही, असं म्हणाला होतात तुम्ही."

"तो वाक्याचाच भाग आहे, वृंदा. त्याच्याशिवाय ते लागू पडत नाही."

काकूंनी चहा आणला. वृंदानं तो घेतला. सर प्रेमानं तिच्याकडे बघत होते आणि त्या प्रेमात खोट नव्हती, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

"तू उखाणे देतेस ना पोरींना?" सर म्हणाले. "एकच उखाणा किती जणींना देतेस?"

"नाव बदलून," वृंदा म्हणाली.

"मग?"

तिनं कप खाली ठेवला. घरी येऊन तिनं शेवटचं कडवं खोडायला घेतलं. पेन कागदावर चालत होतं, पण रेघ उमटत नव्हती. तिनं त्याच्या जागी वेगळं कडवं लिहून पाहिलं, जिन्याखालच्या खोटारड्या माणसाचं. त्याची प्रत्येक ओळ सात अक्षरांची होत होती. मोजून मोजून सातच. शेवटी तिनं कागदाची घडी केली.

रविवारी सकाळी कार्यालय भरलं होतं. काकूंनी आणि चार लेकीसुनांनी साठ दिव्यांनी सरांना ओवाळलं. दिव्यांचा उजेड त्यांच्यातून पार मागच्या पडद्यावर पडत होता. सात भाषणं झाली. मग गजेंद्रनं नाव पुकारलं.

वृंदानं सावकाश वाचलं. मुंग्यांवर लोक हसले, आणि ती हसू ओसरेपर्यंत थांबली, कारण हशावर पुढची ओळ वाचली की दोन्ही वाया जातात. चष्म्यावर जास्त हसले. चष्मा सरांच्या डोक्यावर आला. शिंकेवर खुर्च्या हलल्या, आणि सर शिंकले. दुसऱ्या कडव्यापासून पालुपद सगळं सभागृह म्हणत होतं. सहाव्या कडव्याला सर पूर्ण भरले होते. त्यांच्यातून काहीही दिसत नव्हतं. काकू डोळे पुसत होत्या.

सातवं तिनं वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण सभागृह गप्प झालं होतं. तिनंच त्यांना तिथवर आणलं होतं, आणि इथे थांबलं तर कविता पडते हे तिला ठाऊक होतं.

"सर म्हणाले, वृंदा, मी..." तिनं सुरुवात केली.

"येतो शाळेत कशाला?" सभागृहानं म्हटलं.

पालुपदासारखं, एका आवाजात. मग लोक थबकले आणि एकमेकांकडे बघू लागले. मंजिरीच्या हातातला पेढा तसाच राहिला. गजेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला कधी कुणी जिन्याखाली रडताना पाहिलं असेल असं वृंदाला वाटलं नव्हतं.

"माझं आहे ते," गजेंद्र म्हणाला.

"माझं," मागून कुणी म्हणालं. "मी बारावीत होतो."

"गडबड नको," सर म्हणाले. वर्गातला आवाज परत आल्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "एकेक जण या."

लोक उठले आणि रांगेत उभे राहिले. कागद एकच होता, म्हणून तो वृंदानं धरायचा असं आपोआप ठरलं. गजेंद्र माइकसमोर आला. त्यानं वाचलं, "सर म्हणाले, गजेंद्र, मी..." मग मंजिरी. नाव तीन अक्षरांचं असो की चार, ओळ आठचीच भरत होती. दर वेळी सरांचे डोळे भरून येत होते, पहिल्यांदा ऐकावं तसे, आणि दर वेळी वाचणाराही डोळे पुसून खाली उतरत होता. कागदावर वृंदाचं नाव होतं त्या जागी आता नुसता ओला ठिपका होता.

तिचा हात भरून आला. तिनं कागद दुसऱ्या हातात घेतला.

"पुढचं नाव," सर म्हणाले.

वृंदानं कागद वर धरला आणि रांग कुठे संपते ते पाहिलं. दाराशी नवीन कुणीतरी वाकून चपला काढत होतं.