अडीचशे शब्दांत धम्मानंद

अ‍ॅबस्ट्रॅक्टला अडीचशे शब्दांची मर्यादा होती आणि प्रीतीचं दोनशे बासष्टवर अडलं होतं. पाच वाजता परिषदेचं पोर्टल बंद होणार होतं. आता दोन वाजले होते. बारा शब्द उडवायचे म्हणजे काय मोठं, असं बाहेरच्याला वाटेल. पण पीएचडीच्या चौथ्या वर्षातल्या माणसाला विचारा. प्रत्येक शब्द उडवताना पोटचं पोर विकल्यासारखं होतं.

वर शोभा मॅडमचा निरोप आला होता. त्या तिच्या गाइड. ‘दावा उत्तम आहे. पण आकड्यांत माणूस दिसत नाही. एका रायडरचं एक वाक्य टाक.’

दावा खरंच उत्तम होता. जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीचा रायडर, वय चौतीस, इंदोरा वस्तीत घर. तीन महिने तेवढेच तास, तोच भाग, गिऱ्हाइकांचं रेटिंगही तेवढंच. तरी अ‍ॅपनं त्याला गोल्डवरून सिल्व्हर आणि सिल्व्हरवरून ब्रॉन्झवर आणलं. गोल्डवाल्यांना संध्याकाळचे स्लॉट, म्हणजे कामाच्या वेळा, आधी निवडता येतात. ब्रॉन्झच्या वाट्याला उरलेली दुपार येते, आणि दुपारी ऑर्डरींचा दुष्काळ असतो. दिसेल असं एकही कारण नसताना अल्गोरिदम माणसाला खाली ढकलतो, हा प्रीतीचा निष्कर्ष. सगळा पेपर या एका रायडरच्या खांद्यावर उभा होता.

त्याचं खरं नाव धम्मानंद.

त्याचंच एक वाक्य तिला पाठ होतं. ‘का खाली आलो, ते मशीनलेच माहीत.’ नेमके शब्द तपासावेत म्हणून तिनं विभागाच्या वाचनालयात हेडफोन लावले आणि सहाव्या मुलाखतीची फाइल उघडली.

तिचाच आवाज आला. ती लांबलचक प्रश्न विचारत होती. आणि त्या प्रश्नाखाली काहीतरी वाजत होतं. टिंग टिंग टिंग, चांगलं अर्धा मिनिट. मग शांत. मग धम्मानंदचा आवाज, “राहू द्या मॅडम, विचारा तुम्ही.”

ही घंटी तिनं लिप्यंतर करताना दहादा ऐकली होती. कंसात ‘पार्श्वभूमीचा आवाज’ असं स्वतःच्या हातानं टाइपही केलं होतं. शहाण्या माणसाचा कान असा असतो बघा.

तिनं सातवी फाइल लावली. तिथंही वाजत होतं. आठवीत तर तीनदा. मग तिनं धम्मानंदनं पाठवलेले अ‍ॅपचे स्क्रीनशॉट काढले आणि नाकारलेल्या ऑर्डरींच्या तारखा वहीतल्या मुलाखतींच्या तारखांशेजारी ठेवल्या. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. एक तारीख इकडची तिकडे नव्हती.

घंटी वाजल्यावर अर्ध्या मिनिटात ऑर्डर घेतली नाही तर ती नाकारली असं धरतात. हे तिनंच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि घेतलेल्या स्लॉटमध्ये मध्येच ऑफलाइन गेलं तर स्लॉट मोडल्याची नोंद होते, हेही तिनंच. तरी मुलाखत स्लॉट चालू असतानाच हवी, असा हट्ट तिचा होता. काम होताना बघायचं होतं ना तिला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि गाडी काढली.

धरमपेठेत हॉटेलांच्या रांगेसमोर चहाची टपरी आहे, तिथं रायडर थांबतात. धम्मानंद गाडीवर आडवा बसून फोनकडे बघत होता.

“जय भीम मॅडम. आज तं बुधवार आहे जी.”

“जय भीम. धम्मानंदभाऊ, मी प्रश्न विचारायची तेव्हा ऑर्डरी सुटायच्या. तुम्ही सांगितलं काहून नाही?”

त्यानं आधी तिच्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाला, “कसं सांगू? तुम्ही उन्हातान्हात गाडी काढून येऊन राहिल्या. मशीनलेच माहीत, असं म्हणून सोडून दिलं. तुमाले वाईट वाटलं असतं.”

“अवो पण तुमचा गोल्ड गेला ना त्याच्यापायी!”

“गेला.” त्यानं चहाचा ग्लास तिच्या हातात दिला. “दिवसभर लोक इचारतात, कुठवर आलात, किती वेळ. कसे आहात, हे तुमीच इचारत होत्या. अन् मले वाटलं, तुमचं छापून आलं म्हणजे कंपनीले दिसन. इतक्या पोरांचं भलं होत असन तं माझ्या दोन-चार ऑर्डरी गेल्या, काय झालं?”

प्रीतीला रडू आलं, आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटलं. तिनं त्याचा फोन मागितला. मदतीच्या चॅटमध्ये ऑर्डर नाकारण्याच्या कारणांची यादी होती. गाडी पंक्चर. हॉटेल बंद. पत्ता चुकीचा. तब्येत बरी नाही. ‘एक बाई माझ्या हलाखीचा अभ्यास करत होती’ असा पर्याय कुठेच नव्हता. तिनं ‘इतर’ दाबून सगळं खरं खरं लिहिलं. लगेच निरोप आला, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.’ चॅट बंद झालं.

“अन् ह्या आठवड्यात आणखी सुटल्या तं आयडी बंद करतो म्हणून मेसेज आला,” धम्मानंद म्हणाला. “मंगळवारीच आला. तुमी गेल्यावर.”

काल मंगळवार होता. कालही ती तासभर बसली होती.

तिथूनच तिनं शोभा मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “हे अभ्यासाच्या मर्यादांमध्ये येईल, प्रीती. पूर्ण पेपरात एक तळटीप दे. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये जागा कुठाय?”

“मॅडम, सहभागी झाल्यानं आपलं कोणतंही नुकसान होणार नाही, असं लिहिलेल्या संमतीपत्रावर त्यांची सही आहे. ते पत्र मी छापलंय.”

“मग तुझा दावाच पडतो. वर्ष जाईल तुझं.”

“पडू दे.”

टपरीच्या बाकावर बसून तिनं ‘दिसेल असं एकही कारण नसताना’ हे खोडलं. त्या जागी लिहिलं, की या रायडरची घसरण संशोधिकेच्या मुलाखतींमुळे झाली. त्या काळात सुटलेल्या ऑर्डरी यंत्रणेनं नकार म्हणून मोजल्या, आणि कारण सांगायची सोय त्याला ठेवली नाही. बाकीचं बरंच काही उडवलं, तेव्हा बरोबर दोनशे पन्नास शब्द झाले. पाचला दहा कमी असताना तिनं पाठवलं. खरं बोललो, म्हणजे थोडं तरी फिटलं, असं तिला वाटलं. माणसाला असं वाटतंच.

तीन आठवड्यांनी परिषदेचं उत्तर आलं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारलं होतं, वर परीक्षकांचा शेरा होता, ‘संशोधिकेची आत्मचिकित्सा दुर्मीळ आणि प्रशंसनीय.’ शोभा मॅडमनी विभागात पेढे वाटले.

प्रीती टपरीवर गेली. धम्मानंद नव्हता. आयडी बंद झाला, एक रायडर म्हणाला, रामटेककडे साळ्याच्या शेतात धान कापायले गेला.

तिनं फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

“पास झालं का आपलं, मॅडम?”

आपलं, म्हणाला तो. “झालं,” प्रीती कसंबसं म्हणाली.

“वा! मंग तिथं कंपनीवाले येतीन का ऐकाले?”

“नाही, भाऊ. आमच्यासारखेच असतात. तीसेक जण. पंधरा मिनिटं.”

“बरं,” तो म्हणाला. “अजून काही इचारायचं राहिलं असन तं इचारा. आता केव्हापण फोन करा. मंधात घंटी वाजत नाही.”