एकटा राजा

केडगावात बाहत्तर साली आमच्या ओट्यावर चौघं पत्त्यांतला कॉलब्रेक खेळायचो, आपले किती हात होतील ते आधीच बोलायचं: मी, माझी बायको जरीना, शेजारचा कानिफनाथ आणि त्याची बायको गोजर. हातात बदामचा एकटाच राजा आला, तरी हा कानिफ गाढव त्याचा एक हात धरून बोली करायचा. कुणाचा तरी एक्का पडायचा, राजा जायचा, बोली फसायची. मग गोजर करवादायची, "सोबत नसलेला राजा मोजू नका, कितींदा सांगू?"

गोजर वारल्यावर तिच्या जागी माझी अम्मा बसली. कानिफला हुकमाचे, म्हणजे इस्पिकचे, एक्का-राजा-राणी आले आणि बदामचा एकटा राजा. तो "तीन" बोलला. जरीनाच्या बदामच्या एक्क्यावर राजा गेला. त्याचे बरोबर तीन हात झाले.

अम्माकडं न बघता तो पुटपुटला, "आज मोजला न्हाई, गोजर."