पालथा ठेवलेला फोन

ताईचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची घंटा, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. माणसं गेल्याचं तिनं बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. समोरचा हसला की हसायचं, समोरच्याचा चेहरा पडला की "अगं बाई" म्हणायचं, यावर तिनं बरीच वर्षं निभावून नेलं.

आणि कान म्हणजे तर तिचं सगळं होतं. प्रसूतिगृहात ती नर्स होती. मी शाळेत असताना तिला डबा द्यायला जायची, तेव्हा ती एखाद्या बाईच्या पोटावर लाकडी नळी टेकवून, दुसरं टोक कानाला लावून वाकलेली असायची. खोलीत कुणी खोकलं तरी हात वर करायची. मग सरळ व्हायची आणि त्या बाईला सांगायची, "घोडा दौडतोय गं आत." त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात.

अशा ताईला तिच्या मुलानं गेल्या हिवाळ्यात दिवसभर फोन केले आणि तिनं एकही उचलला नाही. ती मागच्या पडवीत निवांत मटार सोलत बसली होती. मी नेमकी परगावी. तो बिचारा कामधाम टाकून गाडी हाकत आला, दाराशी उभा राहिला, आणि आईनं त्याला विचारलं, "अरे, आज कसा काय?"

तो दारातच खाली बसला, म्हणे.

त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद. आईनं हे घर बंद करून आपल्याकडे यायचं. सूनबाई वाईट नव्हती, मुलगाही नव्हता. पण ताईला तिथं करायला काही नव्हतं. इथं गल्लीतल्या पोटुशी पोरी अजून तिच्याकडे पाय दाखवायला यायच्या, सूज किती आली ते विचारायला. इथं मी होते, चार घरं सोडून. शेवटी मायलेकांत तह झाला. महिनाभर बघायचं. तो कधीही फोन करील, ताईनं उचलायचा. नाही जमलं तर बोचकं बांधायचं.

"परीक्षाच आहे म्हण की," ताई मला म्हणाली. "या वयात. आणि मास्तर कोण, तर ज्याचं नाक मी पुसलं तो."

कानाच्या दवाखान्यातली मुलगी हुशार होती. ताईच्या तोंडाकडे तोंड करून, न ओरडता बोलायची. तिनं नवी यंत्रं दिली, कानामागे बसणारी, दाण्याएवढी. ती डबीत ठेवून चार्ज करायची. डबीतून बाहेर काढली की थोडाच वेळ फोनशी ओळख करून घ्यायला तयार असतात, तेवढ्यात फोनमध्ये ब्लूटूथ चालू करून दोन्ही कान जोडायचे, उजवा आणि डावा.

"एकदा जोडले की पुन्हा पुन्हा नको," ती म्हणाली. "फोनवरचं बोलणं आता थेट तुमच्या कानात. पण तुमचा आवाज मात्र फोनच घेणार. म्हणून बोलताना फोन जवळ हवा, आजी."

"म्हणजे ऐकायला लांब चालेल, बोलायला जवळ," ताई म्हणाली. "नवऱ्यासारखंच की."

मुलगी इतकी हसली की तिच्या हातातला फोन पडता पडता राहिला.

रात्री यंत्रं काढून ठेवायची असतात. आंघोळीला, केस धुताना काढायची असतात. तेव्हासाठी तिनं फोनचा फ्लॅश लावून दिला. फोन आला की पाठीमागचा फोटोचा दिवा लखलखतो. शिवाय एक ॲप घालून दिलं. समोरचा माणूस बोलतो ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं, आपलं मराठीही. त्याला इंटरनेट लागतं आणि माणसांनी एकेकानं बोलावं लागतं. "एकेकानं? आमच्या घरात?" असं मी म्हटलं, आणि तेही पडद्यावर उमटलं.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ताईचा एक फोन चुकला. कानातलं काढून ती डोकं पुसत बसली होती, फोन डोळ्यांसमोर टेबलावर. टॉवेलाआडून पडद्याचा उजेड कळला नाही, आणि दिवा काही दिसला नाही. आम्ही दोघी हवालदिल. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवा फोनच्या पाठीला, आणि ताईनं फोन ठेवलेला उताणा, क्रोशाच्या रुमालावर. लखलखला असेल तो रुमालातच.

"पालथा ठेव," मी तिला खुणेनं सांगितलं.

"जन्मभर आयांना सांगत आले, पोराला पालथं निजवू नका," ताई म्हणाली. "आता हे एक पोर निघालं, ज्याला पालथंच ठेवायचं."

मुलानं तो एक फोन पोटात घातला. पण पुढचे दिवस ताई फोनवर अशी पहारा देत राहिली की बघवेना. स्वयंपाक करताना मान वळवून, जेवताना घास हातात धरून. रात्री मिटल्या डोळ्यांना दिवा दिसणार कसा, म्हणून जागीच. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी म्हटलं, "अगं, असं राहायचं तर त्याच्याकडे गेलेलं काय वाईट?" ती माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

महिना सरत आला तेव्हाची गोष्ट. ताई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मी आत टेबलाशी पेपर वाचत होते. फोन थरथरला आणि भिंतीवर उजेडाचे फटकारे उमटायला लागले. ताईला हाक मारून बोलावीपर्यंत फोन थांबला तर परीक्षा गेली, एवढंच माझ्या मनात आलं. मी उचलला.

"हॅलो. हॅलो, बाबू? मावशी बोलतेय."

आवाज नाही. हुं नाही की चूं नाही. "हॅलो, हॅलो" करून मी दमले. लाइन गेली असं समजून मी फोन टेबलावर ठेवला, होता तसा, पालथा. बंद करायचं काही मला सुचलं नाही. आमच्या वेळी फोन ठेवला की ठेवला.

मग सहज खिडकीतून पाहिलं. ताई दोरीपाशी उभी होती. तिच्या दोन्ही हातांत ओली चादर, अर्धी दोरीवर टाकलेली. ती चादर पसरत नव्हती की सोडत नव्हती. पाणी तिच्या पायांवर गळत होतं. मान थोडी कलती, एक हात नकळत वर गेलेला, थांबा म्हणत असल्यासारखा. लाकडी नळीवर वाकलेली ताई मी पन्नास वर्षांनी पुन्हा पाहत होते.

तेव्हा मला कळलं की लाइन गेलेली नव्हती. मुलाचा आवाज माझ्या हातातल्या फोनमधून न येता थेट अंगणात, तिच्या कानांत चालला होता.

तो काय बोलला ते तिनं मला नंतर सांगितलं. मावशी नुसतंच हॅलो हॅलो करतेय हे ऐकून तो आधी हसला आणि बायकोला म्हणाला, "घे, आता दोघी बहिऱ्या." मग फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला आणि त्यालाही वाटलं, तिकडे कुणी नाही.

सूनबाई म्हणाली, "आता महिना संपला की आणायचंच ना त्यांना?"

"आणायचं. मला नाही हे झेपत. रोज नंबर लावतो गं. वाजत राहिला की मला ती जमिनीवर पडलेली दिसते."

"आणि उचलला की?"

"उचलला की मी ओरडून बोलतो. पाच शब्द. जेवलीस का, औषध घेतलंस का. ओरडून दुसरं काय बोलता येतं? तिच्याशी बोलून किती वर्षं झाली, आठवतसुद्धा नाही."

"मग इथे आणून काय करशील? इथेही ओरडशीलच."

यावर तो काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणंही ताईला ऐकू आलं. बायकोनं भांडं ठेवलं तेही.

मग चादर तशीच लोंबत टाकून ती आत आली. मला बाजूला सारलं, फोन उचलून तोंडापाशी धरला.

"बाबू, मी आहे. मला ऐकू येतंय."

तिकडे काय झालं असेल ते देवाला ठाऊक. मला फक्त ताईची बाजू ऐकू येत होती.

"सगळं ऐकलं. ... नाही रे, रागवू कशाला? ... ओरडू नकोस. हळू बोल. अगदी हळू. माझ्या कानातच आहेस तू."

मग ती पुष्कळ वेळ नुसतं "हं" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "ये. दोघंही या."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. घेऊन जायला की राहू द्यायला, ते नाही बोलला."

सुट्टीच्या दिवशी दोघं आली. ताईनं फोन टेबलाच्या मधोमध उभा केला, अक्षरं उमटणारं ॲप चालू करून. सगळे मिळून एकत्र बोलायला लागले की यंत्रांतूनही तिला गलकाच ऐकू येतो. "एकेकानं बोला," ती म्हणाली. "हा लेखनिक म्हातारा आहे."

सुरुवातीला सगळे कोर्टात बसल्यासारखे. मुलगा म्हणाला, "आई, परवा तू जे ऐकलंस..." आणि थांबला. "जाऊ दे. काही नाही."

पडद्यावर उमटलं: जाऊ दे. काही नाही.

ताईनं बोट ठेवलं त्यावर. "हे मला ओळखता येतं बरं का. कान गेल्यापासून सगळ्यांत जास्त हेच ऐकलंय मी. काय झालं विचारलं की, जाऊ दे, काही नाही. तू म्हणतोस, ही म्हणते." मग माझ्याकडे वळली. "चिमे, तूसुद्धा."

सूनबाईची मान खाली गेली. मी पाण्याचा पेला उगाच हलवला.

"मला भीती वाटते," मुलगा म्हणाला. अक्षरं त्याच्यामागून सावकाश आली. त्यानं स्वतः ती वाचली. "तू पडशील, आणि मी तिकडे फोन वाजवत बसेन."

"पडेनही," ताई म्हणाली. "तुझ्या घरीसुद्धा पडेन. रात्री कान डबीत असतात, आणि झोपलेल्या माणसाला दिवा दिसत नाही, हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. महिनाभर मी झोपले नाही बाबू, तुझी परीक्षा पास व्हायला."

तो तिच्या डोळ्यांखालच्या काळ्याकडे पाहत राहिला. तिला न्यायचं की नाही, हे मला वाटतं तिथंच ठरलं. बाकीचं नुसतं बोलणं होतं. एक किल्ली माझ्याकडे राहील. रात्री तो फोन करणार नाही, लागलंच तर मला करील, माझे कान अजून शाबूत आहेत. आणि सकाळी त्यानं फोन करायचाच नाही. ताई करील, कान घातल्यावर, चहा घेतल्यावर, तिच्या सवडीनं.

"आणि नाही केलास तर?" तो म्हणाला.

"तर मावशीला पिटाळ."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ताई खोलीत येरझारा घालत होती. फोन हातात, केस विस्कटलेले.

"उचलत नाहीये गं. केव्हाची करतेय."

"आंघोळीला गेला असेल."

"इतका वेळ? काल एवढी गाडी हाकत गेला. पोचल्याचं कळवलं होतं, पण पुढे?" तिनं पुन्हा नंबर लावला. मला काही ऐकू येत नव्हतं, घंटा तिच्या कानांत वाजत होती. प्रत्येक घंटेला तिचा चेहरा थोडा थोडा बदलत होता. ती खुर्चीत बसली. उठली. पुन्हा बसली.

मग एकदम तिचे खांदे सैल झाले.

"कुठे होतास?" ती ओरडलीच. मग एक हात छातीवर ठेवून आवाज खाली आणला. "काही नाही रे... नाही, जाऊ दे नाही, सांगते. मला वाटलं, तू कुठेतरी पडलायस."

मी चहा ठेवायला आत गेले.