उघड गुपिताचं कार्ड

माझी बायको जाऊन बावन्न दिवस झाले होते, तेव्हा तिच्या पुस्तकाच्या संपादक बाई घरी आल्या. हातात बुटांचा खोका होता आणि खोक्यात एक्केचाळीस कार्डं. आठ महिने ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली असायची. ताट ठेवायला मला जागा मागावी लागायची.

बायको शाळेत भाषा शिकवायची. मोठ्या मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहीत होती. एकमेकांशी भांडणाऱ्या शब्दांच्या जोड्या, आणि भांडत असूनही त्या आपल्याला कशा कळतात, एवढाच विषय. एका कार्डावर एक जोडी.

"चाळीस पूर्ण आहेत," बाई म्हणाल्या. "हे एक अर्धं आहे. पुस्तक शुक्रवारी छपाईला जाणार. स्पष्टीकरण नाही मिळालं तर ही जोडी गाळावी लागेल."

"मी कान तपासतो, बाई. शब्दांतलं मला काय कळतंय?"

"शांततेचं कार्ड तुमच्यामुळे जमलं असं त्या म्हणायच्या."

ते खरं होतं. दवाखान्यात माझी आवाजबंद खोली आहे. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. एकदा ही म्हणाली, मला नुसतंच बसव, आवाज सोडू नकोस. तीन मिनिटांत दार ठोठावून बाहेर आली. "बाई गं! स्वतःचं रक्त ऐकू येतं. दुसरं काही सुचतच नाही." मग दारातच उभी राहून पर्समधल्या कार्डावर लिहू लागली. बाहेर दोन पेशंट ताटकळले होते.

कार्ड भरायची तिची पद्धत ठरलेली होती. पहिला शब्द कशाबद्दल आहे, दुसरा कशाबद्दल आहे, आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल, एकाच वेळी, एकाच अर्थाने बोलतात का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर जोडी बाद. चौकोनी वर्तुळ अशीच बाद झाली होती. आकार एकच, त्याला कोपरे आहेत आणि नाहीत, असं चालत नाही. कानठळ्या बसवणारी शांतता मात्र टिकली. शांतता खोलीबद्दल सांगते, कानठळ्या ऐकणाऱ्याबद्दल. मोठा आवाज माणसाला जसा पकडून ठेवतो, तसंच अपेक्षित आवाज न येणंही पकडून ठेवतं. आंबटगोडाला तर तिने दोनच ओळी दिल्या होत्या. जिभेला दोन चवी एकदम कळतात, एक दुसरीला पुसत नाही. आणि कडूगोड आठवणीपुढे लिहिलं होतं, 'गोड तेव्हाचं, कडू आताचं. वेळ वेगळी.'

बाईंनी अर्धं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. वर 'उघड गुपित'. स्पष्टीकरणाची जागा कोरी. उदाहरणाच्या जागी दोन ओळी होत्या.

घरात जाणणारे ४.
बोलणारे ०.

खाली कोपऱ्यात तारीख. तारीख टाकायची तिला सवयच होती.

"हे आकडे कशाचे?" बाईंनी विचारलं. "मला वाटलं, चुकून दुसऱ्या कशाचं टिपण इथे आलं."

मी म्हणालो, "उद्या सांगतो." त्या चहा न घेताच गेल्या. मी विचारलाच नव्हता.

ती तारीख बायको जायच्या सहा आठवडे आधीची होती. आता फार दिवस नाहीत असं सांगणारा तिचा शेवटचा रिपोर्ट मी दवाखान्यातल्या माझ्या कपाटात ठेवला होता. तिला सांगायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. डॉक्टरांनाही तशी विनंती केली. घरातल्या तिघांना माहीत होतं. मला, मुलीला आणि मेव्हणीला. मेव्हणीला आम्ही घरात रेडिओ म्हणतो. बोलायला लागली की बटण सापडत नाही. तिनेही तोंड बंद ठेवलं.

मुलीला हे पटलं नव्हतं. "आईला कळायचा हक्क आहे, बाबा," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा मी ओरडलो. आई गेल्यापासून ती डबा घेऊन येते, भांडी घासते आणि जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. आईला फसवून पाठवलं, असं तिला वाटतं. मलाही तसंच वाटत होतं, पण ते तिला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ती आली. मी कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने उभ्यानेच वाचलं. "चार? आपण तर तीनच. तुम्ही, मी, मावशी." मग ती खुर्चीवर बसली. "बाबा, चौथी कोण?"

मी कार्डावरच्या तिच्या आईच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"तारीख बघ," मी म्हणालो.

"बघितली. त्याच आठवड्यात आई मला पडदे शिवायला घेऊन बसली होती. पुढच्या वर्षी ऊन जास्त येईल म्हणून जाड कापड घे म्हणाली. पुढच्या वर्षी! आणि मी मापं घेतली, शहाण्यासारखी."

"मीही तिला नवा चष्मा करून घे म्हणालो होतो."

"तिने केला?"

"केला."

मुलगी हसल्यासारखी झाली आणि थांबली. मला हसूही येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. बावन्न दिवस असंच होतं. जणू दुसऱ्या कुणाच्या घरातलं ऐकतोय.

"शुक्रवारपर्यंत स्पष्टीकरण हवंय," मी म्हणालो. "नाहीतर गाळणार."

"गाळायचं नाही." तिने पेन काढलं. "सांगा, मी लिहिते."

मी तिच्या आईच्या पद्धतीने सुरुवात केली. "उघड, ते माहीत असण्याबद्दल. गुपित, ते बोलण्याबद्दल. सगळ्यांना माहीत असतं, पण कोणी बोलायचं नाही असं ठरलेलं असतं."

"चूक," ती म्हणाली. अगदी आईसारखी, मान वर न करता. "ठरवलं की ते साधं गुपित. तुम्ही आम्हा दोघींना दम दिलात, ते गुपित. उघड गुपित कोणी ठरवत नाही. प्रत्येकाला माहीत असतं, दुसऱ्यालाही माहीत आहे हेसुद्धा कळत असतं, तरी जो तो गप्प."

"का पण? माहीतच असतं तर बोललं काय अन् न बोललं काय?"

"बोललं की मग काहीतरी करावं लागतं. रडावं लागतं, निरोप घ्यावा लागतो. पडदे शिवता येत नाहीत."

"हे लिही."

"पडदे?"

"पडदे नको. बाकीचं."

तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी चार ओळी राहिल्या. तिने मोठ्याने वाचून दाखवल्या. "गुपित हे न कळण्याने टिकत नाही, न बोलण्याने टिकतं. म्हणून ते सगळ्यांना कळूनही गुपित राहू शकतं. बोललं की सगळ्यांना काहीतरी करावं लागतं. ते कोणालाच नको असलं, तर सगळे मिळून गप्प बसतात."

"बाबा," कार्ड ठेवत ती म्हणाली, "तुम्ही तिला फसवलं नाहीत."

"तूही नाहीस."

"पण निरोप राहिला."

"हो. तो राहिला."

तिने डबा उघडला. मी दोन ताटं घेतली.

सकाळी बाईंना फोन केला आणि ओळी सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या, चांगल्या आहेत म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ते आकडे? मुलांना कळणार नाहीत. काढू?"

मुलगी रात्री राहिली होती, शेजारीच होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने 'नको' अशी मान हलवली.

"राहू द्या," मी म्हणालो. "उदाहरण आहे ते."