चौथी टीप

बाईंचा एक नियम होता: एक धडा, एक कागद. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या संध्याकाळी मोठ्या माणसांना परकी भाषा शिकवत. मुलं परदेशी गेलेले, नोकरीसाठी जाणारे, नुसतीच हौस असलेले असे दहा-बाराजण समोर असत, आणि प्रत्येकाच्या हाती एक कागद. डाव्या अंगाला मूळ ओळी. उजव्या अंगाला मराठी, तीही दोनदा: आधी शब्दाला शब्द ठेवून, मग आपण घरात बोलू तशी. शब्दशः ओळ भाषेची हाडं दाखवते आणि सहज ओळ तिचा चेहरा, असं त्या पहिल्याच दिवशी सांगत. तळाला टिपा. त्या तीनच. चौथी टीप कुणी वाचत नाही, हा बाईंचा एकवीस वर्षांचा अनुभव होता, आणि बाईंचा अनुभव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शिंपीकाका त्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. वय अडुसष्ट, गळ्यात टेप, तो वर्गातसुद्धा काढायचा विसरत. एकुलता मुलगा बोटीवर. सहा-सहा महिने पाण्यात, फोन लागला तर लागला. त्याने परदेशात तिकडचीच मुलगी केली होती, ही भाषा बोलणारी. सासरे-सुनेला एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांच्यात आजवर भांडण झालं नव्हतं. "आमच्यासारखं गोड नातं पंचक्रोशीत नाही बाई," काका म्हणायचे. "दोघंही नुसते हसतो."

मग सुनेला दिवस गेले, आणि तिने सासऱ्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पहिलंच. काका ते कापडात गुंडाळून वर्गात घेऊन आले.

"शेजारचा पोरगा म्हणतो, फोन धरा वर, फोन वाचून दाखवतो. मी म्हटलं, फोन अर्थ सांगेल रे, पण ती कशी बोलते ते सांगेल का? बाई, मला शब्द न् शब्द पाहिजे. तिचा."

बाई खूश झाल्या. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. त्यांनी घरी बसून पत्राचा धडा केला, मन लावून केला. पण पत्र लांब होतं आणि कागद एकच. सकाळी झेरॉक्सवाल्याकडे द्यायचा होता. शेवटच्या परिच्छेदाला येईपर्यंत जागा संपली. बाईंनी थोडा विचार केला आणि शेवटच्या तीन ओळींची सहज बाजू गाळली. काकांना शब्दशः हवंच होतं. तळाच्या तीन टिपा क्रियापदांना लागल्या. चौथी त्यांच्या वहीत राहिली.

कागद काकांच्या हाती देताना त्या म्हणाल्या, "शेवटचा भाग जरा शब्दाला धरून आहे हं." काका मान डोलावून गेले. बाईंना वाटलं, आपण सांगून मोकळे झालो.

पुढच्या आठवड्यात काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. निरोप आला, डोळ्यांना त्रास होतो. बाईंनी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ मारली, आणि चार महिने उलटले. खरं तर शिंप्याचं दुकान वाचनालयापासून दोन गल्ल्यांवर होतं. डोळे दुखतात म्हणणारा माणूस रोज सुईत दोरा ओवतोय, हे कुणालाही चालता चालता दिसलं असतं. बाई त्या गल्लीने गेल्याच नाहीत.

शेवटी एका दुपारी पर्सची चेन तुटली म्हणून त्या गेल्या.

दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि काच बसवलेलं कापायचं टेबल. काचेखाली मापांच्या चिठ्ठ्या, एक जुनं कॅलेंडर, आणि मधोमध बाईंचा कागद. तो त्यांनी लांबूनच ओळखला. अक्षर त्यांचंच. शेवटच्या तीन ओळींखाली कापडावर खुणा करायच्या लाल खडूने रेघा ओढलेल्या होत्या.

"या बाई, बसा," काका म्हणाले. त्यांनी पर्स घेतली आणि ते मान खाली घालून चेन उसवायला लागले.

बाई काचेवर वाकल्या.

*तुम्ही येण्याचं ठरवलंत तर आम्ही आनंदी होऊ.*
*आम्ही तुमच्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवत नाही.*
*कृपया स्वतःवर बंधन आहे असं समजू नका.*

एकवीस वर्षांत बाईंनी असे शेकडो कागद केले असतील. पण स्वतःचा कागद दुसऱ्याच्या टेबलावरून त्यांनी कधी वाचला नव्हता. आज त्यांनी तो सासरा होऊन वाचला. घरचं माणूस घरच्या माणसाला असं म्हणतं ते फक्त दार लावून घेताना.

"काका, तुम्ही... गेला नाहीत?"

"कुठं?" काकांनी दोरा दातांनी तोडला. "बोलावलंय कुणी? 'आलात तर' म्हणते. अपेक्षा नाही म्हणते. खरंय तिचं. शिंप्याकडून काय अपेक्षा ठेवायची? मुलगी झाली तेव्हा मुलाचा फोन आला होता. या म्हणाला. मी म्हटलं, बघू."

"मग उत्तर?"

"दिलं की. तुम्हीच शिकवलेल्या भाषेत." त्यांनी खणातून नक्कल काढून पुढे केली. आवाजात थोडी ऐट होती, रागावलेल्या माणसाची.

पत्रात चारच वाक्यं होती. तुमचं पत्र मिळालं. तुमची अपेक्षा नाही हे समजलं. मी येणार नाही. तुम्ही सर्वांनी आनंदात राहावं. बाईंच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर एकही चूक नाही! आणि लगेच त्यांना स्वतःची शरम वाटली. काकांनी आपल्या परीने थोबाडीत दिली होती, पण त्या भाषेत ते पत्र इतकं सभ्य, इतकं मऊ वाचलं जात होतं की पोरीला ती लागलीसुद्धा नसेल. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसाला प्रवास झेपत नाही. एक इकडे रुसून बसला होता आणि दुसरीला त्याचा पत्ता नव्हता.

"तिचं पुन्हा पत्र आलं?"

काकांनी इस्त्रीखालून एक पाकीट ओढलं. फोडलेलं नव्हतं. "तीन महिने झाले. म्हटलं, कशाला अजून शोभा करून घ्या."

आता गप्प राहणं सोपं होतं. त्या भाषेची रीतच तशी, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंच्या जिभेवर ते वाक्य आलंही. त्यांनी ते गिळलं आणि पिशवीतून वही काढली.

"काका, माझी चूक झाली. ही बघा, चौथी टीप. मी लिहिली होती. कागदावर जागा नव्हती म्हणून गाळली."

काकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं:

*टीप ४: या तीन ओळींत शब्दाला शब्द धरू नये. मराठीत कोरड्या वाटतात, पण त्या भाषेत हा आग्रहच आहे. तिकडे आग्रह करताना समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवतात. आपल्याकडे ती अडवतात. सहज मराठी: "या ना, आम्हाला खूप बरं वाटेल. काही आणायचं नाही, तुम्ही आलात म्हणजे झालं. दगदग मात्र करून घेऊ नका."*

काकांनी ती दोनदा वाचली. मग वही मिटली, उघडली आणि पुन्हा वाचली.

"कागदाला पाठ असते की बाई," ते हळूच म्हणाले.

बाईंना वाटलं, काका रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला शब्द न् शब्द पाहिजे, असं मीच म्हणालो होतो," काका वही परत देत म्हणाले.

"विद्यार्थी म्हणणारच. काय द्यायचं ते मला कळायला हवं होतं. आणि तुम्ही यायचे थांबलात तेव्हा मी विचारायला हवं होतं. मला शंका होती, काका. म्हणून मी आले नाही."

काकांनी कात्रीने पाकीट फोडलं आणि पत्र बाईंपुढे सरकवलं. "वाचा. आधी शब्दशः."

बाईंनी वाचलं. "'मी तुमच्या निर्णयाचा आदर करते. मुलगी झाली. तिची बोटं लांब आहेत. तुमची आहेत असं तुमचा मुलगा म्हणतो. तुमच्यासाठी लावलेला खिडकीजवळचा पलंग मी हलवलेला नाही.'"

"आणि सहज?"

"याला सहज लागत नाही, काका."

काका उठले. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी एक पिशवी काढली. आत पांढरं झबलं होतं, हाताने टाके घातलेलं, एक बाही जोडायची राहिलेली. कागद मिळाला त्या दिवशी राहिली ती राहिली. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि गळ्यातल्या टेपने छाती मोजली, जशी काही पोर समोर उभी आहे.

"आता व्हायचं नाही हे. तीन महिन्यांची होऊन गेली."

बाईंनी मान खाली घातली. पत्र दुसरं लिहिता येईल, पण हे झबलं आता कुणी कुणाला घालू शकणार नव्हतं. एका टिपेची जागा वाचवून त्यांनी एका मुलीचं पहिलं झबलं वाया घालवलं होतं.

काकांनी कडा उलटून बघितली. "दोन बोटं कापड सोडलंय आत. उसवून बघतो. कुठवर पुरतं ते पुरतं." मग मशीनवरचा पसारा बाजूला सारून त्यांनी कोरा कागद ठेवला. "लिहा. मी येतोय म्हणावं. आणि लिहा, मी रुसलो होतो."

बाईंचं पेन थांबलं. "त्या भाषेत रुसणं नाही, काका. रागावलो म्हटलं तर जास्त होतं, वाईट वाटलं म्हटलं तर कमी. ते वाक्य आपण सोडून दिलं तर? येतोय म्हटल्यावर सगळं आलंच की."

हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा गाळायला निघालो आहोत.

"सोडायचं नाही," काका म्हणाले. "आपला शब्द तसाच ठेवा. खाली टीप द्या. शिकेल ती. मी शिकलो नाही का?"

बाईंनी पत्र लिहिलं. मग खाली आडवी रेघ मारली आणि परक्या भाषेत टीप लिहून ती काकांना मराठीत वाचून दाखवली: "'रुसणं हा एक राग आहे. तो परक्यावर धरत नाहीत. ज्याने येऊन समजूत काढावी असं वाटतं, त्याच्यावरच धरतात.'"

"बरोबर," काका म्हणाले आणि बाही टाचायला घेतली.

मग त्याखाली बाईंनी आणखी एक टीप लिहिली आणि तीही वाचून दाखवली: "'तुमच्या पहिल्या पत्राचा अर्थ सासऱ्यांपर्यंत पोचला नाही. तो मी अर्धा सांगितला होता. चूक शिकवणाऱ्या बाईची.'"

वाचून झाल्यावर त्या जरा रेंगाळल्या. काका म्हणतील, राहू द्या हो बाई, ही कशाला, खोडा. त्यांच्या मनातून ती आशा गेली नव्हती.

काकांनी सुईवरून मान वर केली, कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "जागा पुरली ना?"

"पुरली," बाई म्हणाल्या.