पाचवं कार्ड

पिवळा डाग होता तो. पाचव्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात, नखाएवढा, हळदीचा – तेलकट असल्यामुळे मागच्या बाजूनेही दिसणारा. उरलेल्या निमंत्रणपत्रिका अर्ध्या कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर ही कार्डं केलेली, एकूण सहा, आणि प्रत्येकावर वर गोलात आकडा. मुख्य पाहुण्यांचं भाषण चालू होतं. आश्लेषा मंचाच्या कडेला, निवेदनाच्या टेबलाशेजारी उभी राहून त्या डागावर अंगठा फिरवत होती. डाग पोह्यांचा होता. हे कार्ड लिहिलं त्या दिवशी जनीमावशींनी हातातली बशी तशीच वर ठेवली होती आणि सुचिता ओरडली होती, "आई, बघून ठेव गो!" आणि मग मावशींनी पदराने तो पुसायला जाऊन आणखी पसरवला होता...

पाहुणे शाळेचेच माजी विद्यार्थी. त्यांना संध्याकाळची रेवसची लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं होतं, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि तरी ते आता सातवीतल्या एका सहलीपर्यंतच आले होते. मांडवात पालकांची चुळबुळ सुरू झाली होती. देवदत्त सर म्हणायचे, आभाराला माणसं चपला शोधतात. म्हणून आभार तीन मिनिटांत. जेवणाच्या पंगतीत वाढतात तसं – क्रम चुकायचा नाही, कुणाला दोनदा वाढायचं नाही आणि कुणाचं पान कोरं ठेवायचं नाही. पहिलं कार्ड मुख्य पाहुणे, दुसरं अध्यक्ष आणि संस्था, तिसरं मुख्याध्यापिका आणि शिक्षक, चौथं देणगीदार, मांडववाले, ध्वनिव्यवस्था. पाचवं पडद्यामागचे. सहावं पालक, विद्यार्थी आणि शेवटचं झाकणाचं वाक्य. नाव पूर्ण घ्यायचं, हुद्द्यासकट. ऐनवेळी चिठ्ठी आली तर ती चौथ्यात घालायची, कारण चिठ्ठी पाठवणारा माणूस नेहमी समोरच बसलेला असतो.

पाचव्या कार्डावर एकच नाव होतं, आणि ते असावं हे आश्लेषाच म्हणाली होती. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. सुचिताने पूर्ण भाषण लिहिलं होतं, नववी ब ची प्रतिनिधी म्हणून, अक्षर चांगलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर आश्लेषाला दोन वाक्यांपुढे काही सुचलं नव्हतं म्हणून. पण सुचिताने स्वतःच्या आईचं नाव घातलं नव्हतं. ती कशी घालणार? तेव्हा सांस्कृतिक प्रतिनिधी आश्लेषा उठून म्हणाली होती, "सर, पंधरा दिवस सराव झाला, रविवारीसुद्धा. जनीमावशी शाळेच्या पोषण आहाराच्या कामाला आहेत, सुट्टीत यायची त्यांना काय गरज? रोज दीडशे मुलांचे पोहे केले. त्यांचं नाव हवंच." सर म्हणाले होते, अगदी बरोबर, सुचिता, तेही तूच लिही. सुचिता खाली बघून कार्डाला रेघा मारत राहिली होती, तिचे कान लाल झाले होते. त्या दिवशी आश्लेषाला स्वतःविषयी फार बरं वाटलं होतं, इतकं की घरी जाऊन तिने आईला दोनदा सांगितलं. आणि जनीमावशींनी आज हिरवी साडी नेसली होती. माहेरच्या लग्नातली. सकाळी फाटकाशीच त्यांनी आश्लेषाला गाठलं होतं – "घाई करू नको हां बाय, सावकाश बोल."

टाळ्या झाल्या. निवेदनातून तिचं नाव आलं. माइकची मान वर होती, ती खाली वाकवताना कर्रकन आवाज आला आणि पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी तोंडं वाकडी केली.

पहिलं कार्ड छान गेलं. दुसरं छान गेलं. आवाज स्वतःचा वाटत नव्हता, पण चांगला होता, भरीव, आणि त्या भरीवपणाखाली एक बारीक किडा सकाळपासून वळवळत होता. नऊ वाजता रंगीत तालमीत ती एका नावावर अडखळली तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "भाषण सुचिताने लिहिलंय म्हणून निभावतंय. आश्लेषा, तू फक्त नीट वाच." सगळे हसले. त्यात काय, सर सगळ्यांनाच बोलतात. पण सुचिताही हसली. थोडंच हसली, ओठ मिटून, हसायचं नसताना हसू येतं तसं. तेव्हापासून नाच झाले, बक्षिसं वाटून झाली, दुपारचे चार वाजले, आणि ते हसू काही जाईना. फक्त नीट वाच. म्हणजे मी कोण? माइकची दांडी?

चौथ्या कार्डावर असताना चिठ्ठी आली. माजी सरपंच काळूराम नाना उशिरा येऊन पहिल्या रांगेत टेकले होते. नववीच्या वर्गाला दोन पंखे दिले होते त्यांनी, गेल्या वर्षी. चिठ्ठीत ते सगळं सविस्तर लिहिलेलं. तिने वाचलं. समाजभूषण, दानशूर, शिक्षणप्रेमी, सगळं वाचलं. नाना अर्धवट उठून हात जोडून खाली बसले. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. खाली उभ्या सरांनी दोन बोटं गोल फिरवली, आटप.

आणि तिने पाचवं कार्ड सहाव्याच्या मागे सरकवलं.

एवढंच. अंगठ्याने. खालून कुणाला कळलंही नसेल... पत्ते पिसताना एखादं पान मागे जातं तसं गेलं. पण गेलं नाही, नेलं. मधे एक क्षण होता – ती तो आता पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती – त्या क्षणी डाग अंगठ्याखाली होता, तिला 'जनी' ही अक्षरं दिसत होती, वीस सेकंदांचं काम होतं, नानांच्या समाजभूषणापेक्षा कमी, आणि तिच्या मनात लाँच नव्हती, सर नव्हते. मनात होतं, तुझंच लिहिलेलं आहे ना? मग बघ. मी फक्त वाचणारी आहे ना, मग वाचायचं की नाही ते माझ्या हातात आहे.

आणि मग तिने सहावं कार्ड वाचलं. सहाव्याच्या शेवटी झाकणाचं वाक्य होतं. "अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहून गेला असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. आपल्या सर्वांचे आभार मानून आम्ही आपल्याला परके करणार नाही, आपल्या ऋणातच राहणे आम्ही पसंत करू." अनवधानाने. हा शब्द तिला आठवडाभर नीट येत नव्हता, सुचिताने तिला तो फळ्यावर तोडून तोडून शिकवला होता. आज तो अगदी स्वच्छ आला. एकही अक्षर चुकलं नाही.

वंदे मातरमला सगळे उभे राहिले. आश्लेषाही ताठ उभी होती, हात अंगाला चिकटवून, आणि एका हातात सहा कार्डं. तिने मांडवात हिरवी साडी शोधली. खांबापासच्या बायकांत नव्हती, मागच्या बाकांवर नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं, मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. सुचिता मात्र दिसली, समोरच, मुलींच्या रांगेच्या टोकाला. ती गात होती आणि आश्लेषाकडे बघत नव्हती.

मग फोटो. मग आई आली, गालावरून हात फिरवून म्हणाली, "काय गं छान बोललीस! सगळा व्हिडिओ घेतलाय." सर येऊन म्हणाले, "शाब्बास! वेळेत आटोपलंस. पाचवं राहिलं, पण असू दे, होतं असं घाईत." बघा. सरांनी स्वतःच सांगितलं, होतं असं. आता तिला फक्त मान हलवायची होती. तिने ती हलवली. आणि वाटलं, की सरांनी रागवायला हवं होतं, पंगतीतल्या कोऱ्या पानाची आठवण करून द्यायला हवी होती... पण सर पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला धावले.

सांगून टाकावं. आत्ता जाऊन सांगावं की मावशी, माझ्याकडून राहिलं. 'राहिलं' म्हणता येईल, तेवढं खोटं चालतं सगळ्यांनाच. असं घोकत ती शाळेच्या मागच्या स्वयंपाकाच्या शेडकडे गेली. आत स्टोव्ह अजून सुरू होता. जनीमावशी चहाचं मोठं पातेलं फडक्यात धरून उतरवत होत्या, हिरव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, साडीच्या काठाला चहाचे थेंब. शेजारी सुचिता दुसऱ्या फडक्याने कप पुसत होती.

"आली गो माजी बाय!" मावशी पातेलं ठेवून वळल्या. "पावन्यांना ऐनवेळी बिनसाखरेचा चाय हवा झाला. सरांनी मलाच धाडलं. त्यांचा दिला, मंग ह्यो सगल्यांचा ठेवला. तुजा आवाज येत व्हता मांडवातना, पन या ष्टोव्हच्या आवाजात काय बोलतेस ते कललाच न्हाय. माजा नाव घेतलंस ना?"

राहिलं. एकच शब्द होता.

"हो मावशी," आश्लेषा म्हणाली. "घेतलं की."

"काय म्हनलीस? आता येकदा सांग ना. मला तेवढाच ऐकायचा व्हता."

सुचिताचा हात कपावर थांबला.

आणि आश्लेषाने सांगितलं. कार्ड हातात होतं, पण तिने ते बघितलं नाही. "पडद्यामागे राहून ज्यांनी हा सोहळा उभा केला, त्यांत पहिलं नाव आमच्या जनीमावशींचं. पंधरा दिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आमच्या सरावाला बळ मिळालं ते त्यांच्या हातच्या गरम पोह्यांमुळे. पोटातली भूक ओळखणारी माणसं शाळेत असतात, तेव्हाच शाळेचं घर होतं. मावशी, आम्ही सारे विद्यार्थी आपले मनःपूर्वक आभार मानतो." कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बरोबर आलं. मंचावर आलं नसतं इतकं बरोबर. वाक्यं तिला पाठ होती. म्हणजे कार्ड मागे गेलं तरी ती बोलू शकली असती. कार्डाची गरजच नव्हती.

मावशींनी खोचलेला पदर सोडला आणि डोळे टिपले. "येवढा सगळा? माइकवर?" मग सुचिताकडे वळून, "तू ऐकलंस गो?"

आता ही बोलेल, आश्लेषाला वाटलं. आणि भीतीच्या खाली, अगदी खाली, तिला हवंही होतं की सुचिताने बोलावं, कप आपटावा, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडावं.

सुचिता कप पुसत राहिली. "व्हय आई," ती म्हणाली, "ऐकला ना. सगल्यांनी टाल्या वाजवल्या."

"हिची आई सकालपासना विडिओ काडत व्हती ना, त्यात दिसंल?"

"त्यात आवाज नीट न्हाय आला," सुचिता शांतपणे म्हणाली. तिने चहाचा एक कप भरला आणि आश्लेषासमोर धरला. तेव्हा पहिल्यांदा तिने वर बघितलं. त्या नजरेत राग असता तर किती बरं झालं असतं. ती फक्त बघत होती, वर्गात फळ्यावर 'अन-व-धान' असं तोडून लिहिल्यावर, कळलं का, म्हणून बघायची तशी.

आश्लेषाने कप घेतला. चटका बसला, तरी सोडला नाही. मावशी आता पलीकडच्या बाईला सांगत होत्या, पोटातली भूक वळखनारी मानसं, असा म्हनली पोर, आणि वाक्य निम्मं विसरून पुन्हा सुरू करत होत्या. उद्या त्या ते गावात सांगतील. परवाही. दर वेळी सुचिता शेजारी उभी असेल आणि हो म्हणेल, आणि हे थांबवायला मला एकच शब्द लागेल, आणि तो आज होता त्यापेक्षा रोज थोडा जड होत जाईल. ऋणातच राहणे आम्ही पसंत करू... पंचवीस वेळा वाचलं होतं तालमीत. ऋण असं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"चाय पी गो, निवंल," मावशी म्हणाल्या.

ती प्यायली. साखर बेताची होती, चहा चांगला होता, आणि तिने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.